‘पण’च्या आधीचा अर्धविराम

वसईत संध्याकाळी शिकवणीला मुलं बसली की एकाच दप्तरातून दोन कागद निघतात. एक इंग्रजीचा, एक मराठीचा, आणि दोन्हींवर मागणी एकच: उतारा वाचून योग्य विरामचिन्हे घाला. उतारा चार ओळींचा, पण त्यावर तासभर वाद रंगतो. मुलांसाठी मीच रचलेला एक उतारा बघा:

आजी म्हणाली बाळा वसई आली उतर नको आजी मी विरारला उतरणार मग दारात का उभा आहेस पोरगा हसला पण हलला नाही

यातला प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. विरारच्या गाडीत दारात उभं राहून दुसऱ्यांचं उतरणं अवघड करणारे वीर मुलांनी रोज पाहिलेले असतात. घोळ होतो तो अवतरणचिन्हांत. बरीच मुलं ‘म्हणाली’च्या पुढे दुहेरी अवतरण उघडतात आणि ते थेट उताऱ्याच्या शेवटी बंद करतात. मग आजीच स्वतःला वसईला उतर म्हणते, स्वतःच नको म्हणते आणि शेवटी पोरगा हसल्याची बातमीही तीच देते. उपाय सोपा आहे: कोण कोणाला हाक मारतंय ते शोधायचं. ‘बाळा’ आलं की आजी बोलतेय, हाकेतलं ‘आजी’ आलं की पोरगा.

इथे मराठी एके ठिकाणी मदत करते आणि दुसऱ्या ठिकाणी हात वर करते. ‘बाळ’चं हाक मारताना ‘बाळा’ होतं, त्यामुळे स्वल्पविराम विसरला तरी हाक ऐकू येते. ‘आजी’चं मात्र ‘आजी’च राहतं. ‘आजी मी विरारला उतरणार’ असं सलग लिहिलं, तर कुणी आजीबाई स्वतःची ओळख करून देताहेत असं वाटेल. म्हणून दुरुस्त उतारा असा:

आजी म्हणाली, “बाळा, वसई आली. उतर.”
“नको, आजी. मी विरारला उतरणार.”
“मग दारात का उभा आहेस?”
पोरगा हसला; पण हलला नाही.

शेवटच्या ओळीवर मुलं हटकून अडतात. मराठीचं शालेय व्याकरण सांगतं, की दोन छोटी वाक्यं ‘पण’सारख्या अव्ययाने जोडली असली तर आधी अर्धविराम द्या. इंग्रजीच्या कागदावर मात्र त्याच जागी स्वल्पविराम हवा; अर्धविराम तिथे जोडशब्द नसतानाच शोभतो. एकाच पोराला एकाच चिन्हाबद्दल एका वहीत बरोबरची खूण आणि दुसऱ्या वहीत लाल फुली! यात पोराचा दोष नाही. मराठीत ही चिन्हं रुजवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा. त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० सालचं. त्या काळचं इंग्रजीही ‘पण’च्या आधी खुशाल अर्धविराम द्यायचं. पुढे इंग्रजीने ती सवय सोडली आणि आपण ती सांभाळून ठेवली, असा माझा अंदाज आहे.

त्याआधी काय होतं? चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हाच्या मोडी पत्रांत आधी आडवी ओळ मारायची आणि तिच्याखाली हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडायचीही पद्धत नाही, मग अवतरण कुठलं? पण कुणाचं बोलणं कुठे संपलं ते कळायचं, कारण शेवटी ‘म्हणोन’ यायचं. आजही ‘येतो म्हणून गेला’ या वाक्यात तेच चालू आहे. गंमत म्हणजे ‘तो म्हणाला की मी येणार नाही’ यातला ‘मी’ म्हणजे ‘तो’च, हे आपल्याला बिनचिन्हांचं कळतं. तेच वाक्य इंग्रजीत नेताना मुलं ‘मी’ तसाच ठेवतात आणि न येणारा माणूस बदलतो.

राहिला इंग्रजी षष्ठीचा तो लोंबता स्वल्पविराम, ॲपॉस्ट्रॉफी. ‘वसईची सुकेळी’ म्हणताना आपला ‘ची’ शब्दालाच चिकटतो, म्हणून मराठीला त्याची गरज पडत नाही. इंग्रजीच्या वहीत मुलं त्याची भरपाई करतात आणि केळ्यांच्या साध्या अनेकवचनालाही तो टांगतात. अशा वेळी मी एकच प्रश्न विचारते: केळ्यांच्या मालकीचं इथे काय आहे? बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि पोर मुकाट्याने खोडरबर उचलतं.

मराठीत तो दिसतो साल आखडताना: ’४२ची चळवळ. तिथे तो इंग्रजी नऊच्या आकड्यासारखा, शेपटी खाली करून बसायला हवा. संगणकाला मात्र वाटतं, की शब्दाच्या सुरुवातीला आलाय म्हणजे हे उघडणारं एकेरी अवतरण. म्हणून तो त्याला सहासारखा उलटा करून ‘४२ छापतो. पत्रिका, फलक, स्मरणिका छापायला देणाऱ्यांना एवढीच विनंती, की मुद्रितं तपासताना सालाच्या डोक्यावरचा हा टिंबासारखा प्राणी एकदा भिंगातून बघा.