विकणारा नेमका कोण?

दीड लाखाचा सोफा आणि पलंग ऑनलाइन घेताना आपण काय काय पाहतो? कापडाचा रंग, फोमची जाडी, हप्त्यांची सोय, लोकांनी दिलेले तारे. पैसे कोणाच्या खात्यात जाणार, एवढंच पाहायचं राहून जातं.

ब्रँडच्या, असं म्हणाल. पण ब्रँड म्हणजे पाटीवरचं नाव.

पाटीवर दावा लावता येत नाही.

ग्राहक आयोगात तक्रार करायची तर अर्जात ‘विरुद्ध पक्ष’ लिहावा लागतो. तिथे कंपनीचं, भागीदारी फर्मचं किंवा मालकाचं कायदेशीर नाव आणि पत्ता हवा. नोटीस त्याच पत्त्यावर जाते. नाव चुकलं तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणतो, ‘आमच्या अशिलाने यांना काहीच विकलेलं नाही.’ आणि तो खरं बोलत असतो.

मग हे नाव सापडतं कुठे? पानाच्या तळाशी, राखाडी बारीक अक्षरांत. अटी आणि शर्तींच्या पहिल्या परिच्छेदात. जिथे ‘मान्य आहे’ची खूण आपण न वाचता करतो, तिथेच.

एक उदाहरण घेऊ. ठाण्यातलं एक जोडपं आहे, माल 1,48,000 रुपयांचा आहे, दुकानाचं नाव गाजलेलं आहे. तळाशी ब्रँडचं नाव आणि साल एवढंच. त्यावर विसंबायचं नाही, ‘Terms’ उघडायचं आणि पानात ‘Limited’ शोधायचं. पहिल्याच ओळीत मिळतं: ‘आम्ही’ म्हणजे बेंगळुरूची अमुक प्रायव्हेट लिमिटेड. मिळालं नाव, म्हणून खिडकी बंद करायची?

नाही. खरी गोम पुढे आहे.

चार परिच्छेद खाली गेलं की तीच कंपनी सांगते, आम्ही फक्त मध्यस्थ आहोत, खरेदीचा करार तुमच्यात आणि विक्रेत्यात होतो. म्हणजे ज्या नावावर विश्वास ठेवून आलो, ते नाव करारातून केव्हाच बाहेर पडलेलं असतं.

मोठ्या बाजारपेठांत तर हे ठरलेलंच. आपल्या देशाच्या नियमांनुसार परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेला स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही. तिने मंच द्यायचा, विकायचं दुसऱ्याने. amazon.in चालवणारी कंपनी अ‍ॅमेझॉन सेलर सर्व्हिसेस प्रायव्हेट लिमिटेड आहे. तिथे घेतलेल्या फ्रिजचं बिल मात्र त्या पानावर ‘Sold by’पुढे ज्याचं नाव आहे, त्याचं येतं. यात लबाडी काही नाही, रचनाच तशी आहे. लपवलेलं नाही, पण आपण वाचलेलंही नाही.

तेव्हा आपल्या जोडप्याने पलंगाच्या पानावर परत जायचं आणि ‘Sold by’वर बोट ठेवायचं. तिथे एका ट्रेडर्सचं नाव, गुरुग्रामचा पत्ता आणि पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक दिसतो. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याच्या व्यवसायाचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक बाजारपेठेने दाखवायलाच हवा. जीएसटी क्रमांकही बरेचदा त्यासोबत असतो. नसेल तर मागायचा.

हा क्रमांक बोलका असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: 27 महाराष्ट्र, 30 गोवा, 29 कर्नाटक, 06 हरियाणा. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे विक्रेत्याचा पॅन. आणि संपूर्ण क्रमांकातलं सहावं अक्षर विक्रेत्याची जात सांगतं. C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी फर्म, P असेल तर एकटा माणूस.

आपल्या पलंगवाल्याचं सहावं अक्षर P निघतं. गाजलेल्या ब्रँडच्या नावाखाली गुरुग्रामचा एक माणूस.

घाबरायचं कारण आहे का? अजून तरी नाही. एकट्या मालकाचा धंदा म्हणजे फसवणूक नव्हे. उलट तिथे मालक स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असतो. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये कंपनी बुडाली की सहसा तिच्या मालमत्तेपुरतंच मिळतं, संचालकाच्या बंगल्याला हात लागत नाही. ‘लिमिटेड’ लिहिलेलं पाहून निर्धास्त होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता जीएसटीच्या संकेतस्थळावर जायचं, gst.gov.in. तिथे ‘Search Taxpayer’मध्ये क्रमांक टाकायचा. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. समोर चार गोष्टी येतात आणि चारही वाचायच्या.

‘Legal Name of Business’ हे कायद्याचं नाव, ‘Trade Name’ हे दुकानाचं. तक्रारीत पहिलं लागतं, आपल्याला ठाऊक असतं दुसरं.

‘Constitution of Business’ म्हणजे कंपनी, भागीदारी की ‘Proprietorship’. सहाव्या अक्षराशी हे जुळलं पाहिजे.

‘Date of registration’ म्हणजे नोंदणीची तारीख. पलंगावर दहा वर्षांची हमी आणि विक्रेत्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची! दहा वर्षं मोजणार कोण?

शेवटचं ‘Status’. ‘Active’ हवं. ‘Cancelled’ किंवा ‘Suspended’ दिसलं तर पुढे वाचायचंच नाही. नोंदणी रद्द झालेला माणूस जीएसटी लावून बिल देऊ शकत नाही. तो जे देईल, तो नुसता कागद.

विक्रेता कंपनी असेल तर आणखी एक पायरी आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, mca.gov.in वर, कंपनीची मूळ माहिती पाहायची. कंपनीचा ओळख क्रमांक, म्हणजे CIN, 21 अक्षरांचा असतो आणि त्यात स्थापनेचं सालही असतं. तिथे स्थिती ‘Active’ हवी. ‘Strike Off’ असेल तर ती कंपनी कागदोपत्री संपलेली आहे.

CIN सापडतच नाही? ऑनलाइन धंदा करणाऱ्या कंपनीने स्वतःचं नाव, नोंदणीकृत पत्ता आणि CIN संकेतस्थळाच्या मुख्य पानावर द्यावा, असा नियम आहे. जिला एवढा नियम पाळवत नाही, ती परताव्याचा पाळेल?

आता जुळवाजुळव. अटींमधलं नाव, ‘Sold by’चं नाव, बिलावर येणारं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव. चारही एकच असतील तर उत्तम. वेगळी असतील तर प्रत्येक वेगळेपणाचं कारण मिळालं पाहिजे. बाजारपेठ पैसे स्वतःकडे घेऊन विक्रेत्याला पोचवते, हे कारण चालेल. अटींमध्ये प्रायव्हेट लिमिटेड आणि ‘दहा टक्के सूट मिळेल, थेट या खात्यावर टाका’ म्हणून पाठवलेलं खातं कोणाचं तरी वैयक्तिक बचत खातं, याला कारण नसतं. तिथे थांबायचं. सूट गेली तर जाऊ द्या.

हमीचं नाव आणखी वेगळं असू शकतं, हे तर अनेकांच्या गावीही नसतं. आपल्या पलंगाची दहा वर्षांची हमी ना बेंगळुरूची कंपनी देते, ना गुरुग्रामचा माणूस. ती देतो उत्पादक. हमीपत्राची पीडीएफ उघडली की तिसरं नाव दिसतं. एक पलंग, तीन पक्ष. पाय मोडला तर फोन कोणाला करायचा, हे पलंग घरी येण्याआधी ठरवलेलं बरं.

आता अटींचं शेवटचं कलम. ‘सर्व वाद फक्त गुरुग्रामच्या न्यायालयात.’ हे वाचून लोक गार पडतात. तसं व्हायचं कारण नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करायचा हक्क दिला आहे. म्हणजे ठाण्यातल्या जिल्हा आयोगात. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं आणि 5 लाखांपर्यंत शुल्कही लागत नाही. मुदत दोन वर्षांची. लवादाच्या कलमानेही ही वाट बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफच्या प्रकरणात 2018 मध्ये ते स्पष्ट केलं आहे.

कायदा घरापर्यंत आला. पण नोटीस ज्याच्यावर बजावायची, तो सापडला पाहिजे ना?

म्हणूनच शेवटच्या कलमात हाँगकाँगचा किंवा सिंगापूरचा कायदा दिसला आणि भारतातला पत्ता कुठेच नसला, तर मोठी रक्कम घालू नये. भारतात नियमित माल विकणाऱ्या परदेशी दुकानांनाही आपले ई-कॉमर्स नियम लागू आहेत. आदेश ठाण्यात मिळेल. वसुली करायला हाँगकाँगला कोण जाणार?

या सगळ्या खटाटोपाला एक मर्यादा आहे आणि तीही सांगायला हवी. नोंदणी चालू असणं म्हणजे माणूस सचोटीचा असणं नव्हे. सरकारी नोंदींवरून एवढंच कळतं की समोर कोणीतरी खरंच उभं आहे. माल चांगला की वाईट, हे त्या सांगत नाहीत. पण कोणी उभंच नसेल, तर मालाचा प्रश्नच कुठे येतो?

पैसे देण्याआधी दोन कामं उरतात. पहिलं, त्या दिवशीच्या अटी, विक्रेत्याचं पान आणि हमीपत्र पीडीएफ करून ठेवायचं. अटी बदलतात, विक्रेत्याची पानं गायब होतात. खरेदीनंतर लेखी मागणी केली तर बाजारपेठेने विक्रेत्याचा पत्ता आणि संपर्क द्यायलाच हवा, पण स्वतःकडे कागद असलेला माणूस मागत बसत नाही.

दुसरं, तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक ईमेल. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे. तीन प्रश्न पुरेत: बिल कोणाच्या नावाने येईल, त्यांचा जीएसटी क्रमांक काय आणि हमी कोण पाळणार? तक्रार आली तर या अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते. तुमचा प्रश्न तक्रार नाही, हे मान्य. पण दीड लाखाच्या गिऱ्हाइकाला दोन दिवसांत तीन ओळींचं उत्तर मिळू नये?

मिळालं, तर ते जपून ठेवा आणि निश्चिंतपणे पैसे भरा. न मिळालं, तरी उत्तर मिळालंच. पैसे घेण्याआधी जो स्वतःचं नाव सांगत नाही, तो पैसे घेतल्यावर सांगेल?