मुक्कामी गाडीला शुभरात्री

आमचे हे एसटीत कंडक्टर. मुक्कामी गाडीवर असले की रात्री त्या गावातल्या पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून फोन करतात, कारण रेंज तेवढीच. त्या रात्री आवाज ऐकला आणि कळलं, दिवस गेला कामातून.

झालं होतं असं. एका आजोबांना फुकट प्रवास हवा होता. तो ७५ पूर्ण झाल्यावर मिळतो, आणि आधार कार्डावर होते ७४, म्हणजे अर्धं तिकीट. आजोबांनी भरल्या गाडीत यांचा बाप काढला. त्या गडबडीत तिकिटाचं मशीन अडकलं, कागदी तिकिटं फाडावी लागली आणि हिशोबात ४० रुपये कमी आले. ते आता खिशातून. एवढं सांगून हे म्हणाले, "ठेवतो." मग मी मेसेज लिहायला बसले.

"त्यांना नियम दाखवायचा ना" हे आधी सुचलं आणि आधी खोडलं. नियम यांना पाठ आहे, शिवाय आता वाद घालायला आजोबाही समोर नाहीत. "मनाला लावून घेऊ नका" हे दिसायला मऊ, पण तेही कामच सांगणं. दिवसभर प्रवाशांनी कामं सांगितलेल्या माणसाला रात्री बायकोनंही का सांगावं? "उद्या सगळं ठीक होईल" लिहिता लिहिता आठवलं, आजोबा त्याच मुक्कामाच्या गावचे. बाजाराच्या दिवशी पहिल्या गाडीला पहिले तेच असतात. बायकोनं लेखी खोटं देऊ नये.

"जेवलात का?" यात माया ओतप्रोत, पण प्रश्न आला की उत्तर आलं, आणि उत्तरासाठी अंधारात, कुत्र्यांमधून, परत टाकीपर्यंत चालणं आलं. आमच्या सासूबाईंचा सल्ला होता, "चाळीस रुपये मी देते म्हणावं." त्यांना पैशांचं दुखतंय असं वाटलं. दुखत होता बाप.

शेवटी लिहिलं ते एवढंच: "अहो, भरल्या गाडीत मामंजींचं नाव निघालं, ते फार लागलं असेल. मलाही ऐकून राग आला. आम्ही जेवलो, पोरगं तुमच्या उशीवर आडवं झोपलंय. उत्तर देऊ नका. झोपा."

यात उपाय एकही नाही. त्यांनी सांगितलं त्यातलं जे जास्त बोचलं होतं, तेवढं नाव घेऊन परत त्यांच्यापाशी ठेवलं. ४० रुपयांचा उल्लेख मुद्दाम टाळला. तो आला असता तर मागोमाग हिशोब आला असता.

मेसेजवर एकच टिक. हे टाकीपासून केव्हाच निघून गाडीत आडवे झाले होते. दुसरी टिक उमटली सकाळी सव्वासहाला, गाडी खिंड चढल्यावर. म्हणजे "झोपा" हा माझा निरोप पोचला, तेव्हा हे आजोबांना तिकीट देत होते. अर्धंच.