साठ सेकंदांचे कीर्तन

स्टीव्ह जॉब्झ यांनी 12 जून 2005 रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात केलेल्या भाषणाची दोन हजारांवर शब्दांची संहिता पुढ्यात टाकून पुतण्याने जेव्हा ‘काका, साठ सेकंदांची मराठी रील करायची आहे, सव्वाशे शब्दांच्या वर एकही नको,’ असे फर्मान सोडले, तेव्हा ज्याचे एकेक वाक्य मध्ये दोनदा श्वास घेतल्यावाचून पुरे होत नाही अशा लेखकाकडे हे काम यावे, ही आपल्या प्रतिभेचीच चहा होय, असे मी मनोमन ठरवून टाकले.

भाषणात गोष्टी तीन : सोडलेले महाविद्यालय, स्वतःच्याच कंपनीतून हकालपट्टी, आणि कर्करोग. माझ्या मसुद्यात तिन्ही रुजू होत्या. ‘सार एका वाक्यात सांगा,’ पुतण्या म्हणाला. माझ्या वाक्यात ‘आणि’ येताच त्याने मसुदा नामंजूर केला, कारण ‘आणि’ लागला की कल्पना दोन झाल्या. तेव्हा दोन गोष्टी दप्तरदाखल करून पहिलीच ठेवली : कशाच्याही उपयोगाची आशा नसताना रीड महाविद्यालयात शिकलेली सुलेखनकला दहा वर्षांनी मॅकिन्टॉशच्या अक्षरांत उतरली, असे धागे मागे वळून पाहतानाच जुळलेले दिसतात.

आता नारदीय कीर्तनाविषयी बोलल्याखेरीज मला राहवत नाही. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन तत्त्वाचे सावकाश निरूपण करतात, मध्यंतरी हार आणि बुक्का होतो, मग उत्तररंगात आख्यान लागते. आणि तोवर श्रोता उठत नाही, कारण पुढे आजोबा बसलेले असतात आणि मागे चपला सापडण्याची शाश्वती नसते. रीलच्या श्रोत्याला मात्र निघून जाण्यास अंगठा पुरतो. त्याला पहिल्या तीन सेकंदांत धरायचे, म्हणून येथे आख्यान आधी, निरूपण शेवटी, तेही एकाच वाक्यात. ‘कॉलेज सोडलेला एक मुलगा अक्षरे गिरवायला बसला,’ ही आमची सुरुवात ठरली.

खरा तंटा पुढेच झाला. मित्रांच्या खोलीत जमिनीवर झोपणे, पाच-पाच सेंटांसाठी रिकाम्या बाटल्या परत करणे, आठवड्यातून एकदा चांगले जेवण मिळावे म्हणून सात मैल चालत हरेकृष्ण मंदिरात जाणे, हे सारे पुतण्या ‘मूड जातो’ म्हणून वगळू लागला. मला मनापासून राग आला. कष्टकरी आईबापांची जन्माची पुंजी आपल्या फीपायी संपत आहे, हे पाहून त्या मुलाने महाविद्यालय सोडले होते. ती विवंचना आणि ती भूक कापली, की उरतो तो ‘शिक्षण सोडा, श्रीमंत व्हा’ हा उपदेश, जो वक्त्याने केलेलाच नाही. संक्षेपात शब्द जावेत, किंमत जाऊ नये.

बाटल्या राहिल्या आणि मंदिरही राहिले. त्यांना जागा करून देण्यासाठी माझ्या दोन उपमा आणि एक अत्यंत देखणे विशेषण बडतर्फ झाले. घड्याळ लावून मोठ्याने वाचले, तेव्हा रील मुदतीत बसली. तीत माझे नाव नाही. त्याला अडीच सेकंद लागतात, असे पुतण्याचे म्हणणे आहे.