किती खोल?

‘शेतातून मातीचा नमुना घेतला. तो वाळवला. अर्क काढून त्यातला स्फुरद मोजला.’

जर्नलमधली ही तीन वाक्यं सर वर्गात मोठ्यानं वाचायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, “काय रे, हे प्रॅक्टिकल तू केलंस, की झालं असं तुझ्या कानावर आलं?”

कृषी रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल घेणारे असे एक सर प्रत्येक कृषी महाविद्यालयात असतात. शर्टाच्या खिशात लाल पेन आणि सहा इंची पट्टी. पट्टी जर्नलात रेघा मारायला नव्हे, खड्डा मोजायला. आमच्या सरांना पोरं पाठीमागे ‘किती खोल’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. ‘थोडं’, ‘साधारण’, ‘योग्य प्रमाणात’ हे शब्द त्यांच्या हद्दीत चालत नसत. “सर, थोड्या वेळात येतो” म्हणणाऱ्याला दारातच थांबवून ते विचारत, “थोडा म्हणजे किती मिनिटं? अर्क गाळायचाय मला.”

त्यांचा खरा जीव खोलीत. कॉलेजच्या फार्मवर ते आम्हाला नागमोडी चालवत. बांधाजवळची जागा नको, झाडाखालची नको, शेणखताचा ढीग पडला होता तिथली तर अजिबात नको. वरचा पालापाचोळा हातानं बाजूला करायचा, टिकावानं व्ही आकाराचा १५ सेंटिमीटरचा खड्डा घ्यायचा, आतली माती काढून टाकायची, आणि मग खड्ड्याच्या एका बाजूनं वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीचा काप खुरप्यानं उतरवायचा. ‘सारख्या जाडीचा’ म्हणताना त्यांचा आवाज चढे. कारण पोरांच्या खुरप्यात वर रुंद आणि खाली निमुळता काप येतो. खत टाकलेलं असतं वरच्या थरात, तेव्हा असल्या कापात वरची माती जास्त भरते आणि जमीन आहे त्याहून श्रीमंत दिसते.

एकदा आमच्या बॅचमधल्या एका पहिलवानानं उन्हाला कंटाळून दहा सेंटिमीटरवरच काम उरकलं आणि जर्नलात रुबाबात १५ लिहिलं. सरांनी खड्ड्यात पट्टी उभी केली. काही बोलले नाहीत. वर्गात आल्यावर मात्र फळ्यावर २.२४ हा आकडा लिहिला आणि पहिलवानालाच उभं केलं. “शेवटी पीपीएमला यानं गुणतोस ना? मग हा आला कुठून सांग.” पहिलवान म्हणाला, “पुस्तकातून.” सर म्हणाले, “पुस्तकात कुठून आला?” मग स्वतःच सांगत बसले. एक हेक्टर जमिनीचा १५ सेंटिमीटर जाडीचा थर उचलला, तर त्याचं वजन साधारण २२.४ लाख किलो धरतात. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. म्हणून हेक्टरी किलो काढताना २.२४ नं गुणायचं. “म्हणजे तुझा खड्डा त्या आकड्यात बसलाय, बाळा. माती आणलीस दहाची आणि गुणलीस पंधरानं. वरच्या मातीत स्फुरद जास्त, त्यावर हा गुणाकार. शेतकऱ्याला वाटणार आपल्याकडे भरपूर आहे, आणि तो खत कमी टाकणार.” पहिलवान त्यानंतर आंब्याच्या बागेतही पट्टी घेऊन फिरायचा. फळबागेत तर ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरपर्यंतचे थर वेगवेगळे घ्यावे लागतात, त्यामुळे त्याचा व्यायाम झाला.

वाळवणं हा त्यांचा दुसरा हळवा कोपरा. सगळ्या जागांची माती घमेल्यात मिसळून, ढिगाचे चार भाग करून, समोरासमोरचे दोन टाकून असं करत अर्धा किलो उरवायची, आणि स्वच्छ कागदावर सावलीत पसरायची. जुलैत ती चार-चार दिवस वाळत नसे. एका मुलीनं सबमिशनच्या आदल्या दिवशी ती ओव्हनमध्ये घातली. १०५ अंशांवर रात्रभर. सकाळी माती अशी खुटखुटीत की बघत राहावं. सरांनी चिमूटभर बोटांत चोळली, वास घेतला आणि म्हणाले, “मॅडम, फार छान भाजलीय. आता हिच्यातला ओलावा सांगा, पालाश विचारू नका.” ओव्हनची माती ओलावा काढायला, आणि त्यासाठी वेगळा भाग घ्यायचा. काळ्या मातीतली चिकणमाती तापली की पालाश तिच्या थरांत अडकून बसतो किंवा उलट बाहेर पडतो. नेमकं काय होईल ते त्या त्या मातीवर ठरतं, म्हणून नंतर दुरुस्तीही करता येत नाही. बिचारीनं पुन्हा माती आणली. यावेळी पिशवी युरियाची होती. तो प्रसंग मी लिहीत नाही.

वाळलेली माती लाकडी खलबत्त्यात हलक्या हातानं फोडायची, कुटायची नाही, आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची. इथं सर फक्त “खडे फोडू नका, ते माती नाहीत” एवढंच म्हणत आणि पुढे जात. त्यांना घाई असे ती अर्काची.

ओल्सेनची पद्धत. अडीच ग्रॅम माती, ८.५ सामूचं अर्धा मोलर सोडियम बायकार्बोनेट ५० मिली, चिमूटभर कोळशाची पूड, आणि शेकरवर अर्धा तास. एकदा एकाच पिशवीतल्या मातीवर दोघांचे आकडे आले १२ आणि १७ पीपीएम. दोघंही शपथा घेत होते. सरांनी दोघांच्या गाळलेल्या अर्काच्या नळ्या खिडकीशी उजेडात धरल्या. एक पाण्यासारखी, दुसरीला फिकट चहाची छटा. “कोळसा विसरलास.” बायकार्बोनेट मातीतलं सेंद्रियही विरघळवतं. त्याचा तपकिरी रंग कोळसा शोषतो. तो रंग राहिला की पुढे मॉलिब्डेटनं येणाऱ्या निळ्या रंगात मिसळतो आणि यंत्र त्यालाही स्फुरदच समजतं. “आणि समजा कोळसा घातला, पण मातीविनाच्या कोऱ्या नमुन्यातच निळं आलं तर?” सगळे गप्प. “मग स्फुरद कोळशात आहे. धुऊन घ्या.”

पाण्यासारख्या नळीवाल्याचं गणित त्यांनी फळ्यावर सोडवलं. ५ मिली अर्क २५ मिलीपर्यंत वाढवला, आलेखावरून वाचन आलं ०.१२. माती अडीच ग्रॅमची पन्नास मिलीत गेली, म्हणजे वीस पट. पुढे पाच पट. शंभर पट मिळून १२ पीपीएम, आणि २.२४ नं गुणून हेक्टरी सुमारे २७ किलो. “यातली एकही पायरी जर्नलात नसेल तर हे २७ म्हणजे मटका.” तोंडी परीक्षेत शेवटी हमखास, “हीच माती रत्नागिरीची तांबडी असती तर?” आम्लधर्मी मातीला ब्रेची पद्धत, एवढं सांगितलं की सुटका.

गुण देताना मात्र सर उदार. स्वच्छ, सुवाच्य, चुका नसलेल्या जर्नलाला दहापैकी सात. ‘शेकर चालू असताना वीज गेली, हलवणं एकूण २० मिनिटंच झालं, आकडा कमी आला असावा’ असं ज्यानं लिहिलं त्याला नऊ. हे कळल्यावर आमच्या एका चतुर मित्रानं पुढच्या जर्नलात न गेलेली वीज घातली. सरांनी वाचलं, भिंतीवर चिकटवलेल्या लोडशेडिंगच्या वेळापत्रकापाशी गेले, पट्टी लावून ओळ शोधली, परत आले आणि शेऱ्यात लाल शाईनं लिहिलं, ‘गुरुवारी आपल्याकडे सकाळी वीज असते. तीन गुण कमी. कारण मात्र नीट लिहिलंय.’