एकाचे नऊ

स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिकेतला अंक हा मुळात अंक नसतोच. तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका असतो, आणि त्याला अंकपद बहाल करतो तो पडद्यासमोर बसलेला परीक्षक. २०० डीपीआयवर स्कॅन केलेल्या पानात एका मिलिमीटरला जेमतेम आठ ठिपके येतात. बॉलपेनची रेघ त्यात दोन-तीन ठिपक्यांची भरते. पान निव्वळ काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले असेल, तर प्रत्येक ठिपका काळा की पांढरा याचा निकाल यंत्रच लावून टाकते. फिकट शाईचे वजाचिन्ह पांढऱ्यात जमा होऊन नाहीसे होते, आणि पाठीमागून उमटलेला शाईचा थेंब काळा ठरून 25 चे 2.5 करतो. परीक्षक अशा वेळी चित्र मोठे करतो. त्याने ठिपके मोठे होतात, माहिती तेवढीच राहते. हे ठाऊक असूनही तो मोठे करतोच. रिमोटचा सेल संपला की बटण जोरात दाबतात, त्यातलाच हा प्रकार.

परीक्षकांमध्ये एक जात अशी आढळते की जिला कुठलेही अक्षर लागते. निदान तिचा तसा समज असतो. प्रस्तुत लेखक या जातीचा ठळक नमुना होय. बावीस वर्षे पेपर तपासल्यामुळे सोसायटीतले लोक डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्याच्याकडे वाचायला आणतात, आणि तो चष्मा कपाळावर चढवून त्या वाचून दाखवतो. औषध नंतर केमिस्टला विचारूनच घेतले जाते, ही गोष्ट त्याला अलीकडेच कळली.

या नमुन्यासमोर एका संस्थेच्या सराव परीक्षेतली दहावीची उत्तरपत्रिका पडद्यावर आली. नाव झाकलेले, वर फक्त बारकोड. x² − 10x + 9 = 0 हे समीकरण अवयव पाडून सोडवायचे होते, गुण ३. दुसऱ्या ओळीत x² − 9x − x + 9 = 0 असे स्वच्छ लिहिलेले होते. तिसरी ओळ परीक्षकाने x(x − 9) − 9(x − 9) = 0 अशी वाचली, चौथी (x − 9)(x − 9) = 0 अशी, आणि उत्तर x = 9 किंवा x = 9. पहिल्या पायरीचा एक गुण देऊन बाकीचे दोन कापले गेले. शेरा पडला: ‘सामाईक अवयव काढण्याचा सराव करावा.’ परीक्षकाने पुढचे पान उघडले. या सगळ्याला चाळीस सेकंदही लागले नाहीत, आणि त्या वेगाचेही त्याला कौतुक वाटले.

नियामकाने ती उत्तरपत्रिका फेरतपासणीत काढली आणि परत पाठवली. सोबत एकच ओळ होती: ‘सर, तो नऊ नाही, आपला मराठी एक आहे.’

खरोखरच तो १ होता. मराठी १ आणि इंग्रजी 9 यांची ठेवण सख्ख्या भावंडांसारखी असते: डोक्याला फुगीर गाठ, खाली शेपूट. फरक शेपटीत. 9 चा दांडा बहुधा सरळ उतरतो, १ ची शेपटी तिरकी निसटते. आठ ठिपक्यांच्या मिलिमीटरमध्ये हा तिरकेपणा टिकत नाही. मात्र आकार दगा देतो तेव्हा आधीची ओळ साक्षीला उभी असते. − x + 9 यातून (x − 9) बाहेर काढायचा तर उरतो तो −1 च. तिथे 9 लिहायचा म्हणजे विद्यार्थ्याने फारच विचित्र चूक करायला हवी होती. विचित्र चूक समोर दिसली, तर ती विद्यार्थ्याची की वाचणाऱ्याच्या डोळ्याची, हे आधी ठरवावे लागते. परीक्षकाने तो प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. डोळे त्याचे होते, त्यामुळे त्यांच्यावर संशय घेण्याचे कारण त्याला दिसले नाही.

अंक वाचण्याच्या चुकीचे परिणाम घरगुती क्षेत्रातही दिसून येतात, आणि त्यांचा येथे विचार करणे अप्रस्तुत ठरू नये. याच परीक्षकाने संक्रांतीच्या आधी वाणसामानाची यादी स्वहस्ते लिहून तिचा फोटो किराणा दुकानात पाठवला. यादीत ‘गूळ १ किलो’ असे होते. दुकानातल्या मुलाचे शिक्षण इंग्रजी माध्यमातले. संध्याकाळी नऊ किलो गूळ घरी आला. परीक्षकाने यादी पुन्हा पाहिली आणि अक्षर मोत्यासारखे असल्याचा निर्वाळा दिला. “अहो, मोती बघून त्याने गूळ नाही पाठवला,” असे सौभाग्यवतींचे मत पडले. चेकवर रक्कम अक्षरी लिहावी लागते ती उगाच नाही. अंक आणि अक्षर यांत तफावत असेल तर अक्षर ग्राह्य, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याने ठरवून टाकले आहे. गुळाला आणि वर्गसमीकरणाला तो कायदा लागू नाही. पुढे पंधरा दिवस गुळाची पोळी, गुळांबा, चिक्की आणि शेवटी नुसता गूळ असा आहार चालला. शेजाऱ्यांना तिळगूळ देताना ‘गोड बोला’ म्हणण्यापेक्षा ‘अजून घ्या’ म्हणण्यावर भर राहिला.

आता मूळ उत्तरपत्रिकेकडे. त्याच पानावर 10 मधला एक विद्यार्थ्याने सरळ उभ्या काठीसारखा काढला होता. मग पुढच्या ओळीत १ कसा आला? 10 हा प्रश्नपत्रिकेत छापलेला होता, तो पाहून उतरवला गेला. दुसऱ्या ओळीतला 9 ही तसाच, छापील 9 पाहून आलेला. −१ मात्र कुठेच छापलेला नव्हता. तो लिहिणाऱ्याच्या डोक्यातून आला. सातवीपर्यंत मराठी माध्यम आणि आठवीपासून सेमी-इंग्रजी अशी वाट चाललेल्या मुलांच्या हातात दोन्ही अंकमाला नांदतात. घड्याळाकडे लक्ष असताना हात पाटीवर पहिल्यांदा गिरवलेल्या अंकाकडे वळतो. गिरवून गिरवून पक्का केलेला तो १, आणि तो ओळखायला त्या दिवशी समोर मराठी माणूस असूनही कोणी नव्हते. परीक्षकाला हे लागले. त्याने स्वतःही पाटीवर तोच १ गिरवला होता, पण इंग्रजी अंकांच्या उत्तरपत्रिका तपासताना त्याच्या डोळ्याने तो अंकच रद्द करून टाकला होता. डोळा जे अपेक्षित असते तेच वाचतो, आणि अनुभव वाढेल तशी अपेक्षा घट्ट होते. नवखा परीक्षक त्या आकारापाशी कदाचित अडखळला असता.

ओळींच्या साक्षीलाही मर्यादा आहे. एका गुणाच्या प्रश्नात फक्त उत्तर लिहिलेले असते. त्याच्या आगेमागे ओळ नसते. तिथे १ आहे की 9 हे ठरवायला त्याच हाताने अन्यत्र लिहिलेले अंक शोधावे लागतात: प्रश्नक्रमांक, पुरवणीचा क्रमांक, समासातली कच्ची आकडेमोड. त्यानेही भागले नाही, तर मूळ कागद मागवावा. कागदावर पेनाचा दाब दिसतो, शाईचा ओघ दिसतो, रेघ कुठे सुरू झाली तेही कळते. उलट उदारपणाचाही धोका असतो. बरोबर उत्तर माहीत असलेला परीक्षक अस्पष्ट आकारात तेच पाहतो आणि चुकलेल्याला गुण देऊन मोकळा होतो. म्हणून आधी आकार, मग आधीची ओळ, आणि उत्तरसूचीकडे नजर सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवतात.

विद्यार्थ्याला कापलेले दोन गुण परत मिळाले. ४० पैकी २६ चे २८ झाले आणि तो शेरा खोडला गेला. परीक्षकाच्या घरी अडीच किलो गूळ अजून शिल्लक आहे.