काकांचं वय अधिक गाडीचं वय

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजात गेल्या महिन्यात एक सदरा-पॅन्टवाला तरुण टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला आणि पाऊण तास बाहेर आला नाही. तो बँकेचा व्हॅल्युएटर. आधी त्यानं बोटाच्या पेरानं प्रत्येक दार वाजवून पाहिलं, नवरी बघायला आलेल्यानं ताटातल्या लाडवावर टिचकी मारावी तसं. मग चेसिसवरचा नंबर पुसून त्यावर कागद धरला, पेन्सिल आडवी करून घासली आणि उमटलेला ठसा आरसीशी ताडून पाहिला. शेवटी डाव्या मागच्या दारापाशी थांबून म्हणाला, "अंकल, इथं पुट्टी आहे."

काका काही बोलले नाहीत. त्यांचं उभं आयुष्य व्हेईकल फॅक्टरीत, म्हणजे आमच्या जबलपूरच्या व्हीएफजेत गेलं. १९६९ ते १९९९ अशी तीस वर्षं तिथं लष्करासाठी 'जोंगा' बनत होती आणि तिच्या नावातच जबलपूर दडलेलं आहे. तिचे गिअरबॉक्स बसवलेल्या माणसाला पुट्टी दाखवणं म्हणजे हलवायाला जिलबी दाखवणं. काकांना ती पुट्टी पहिल्याच दिवशी दिसली होती. म्हणून तर त्यांनी अधारतालच्या मालकाला पाच लाखांवरून साडेचारवर आणलं होतं.

गाडी सहा वर्षांची. व्हॅल्युएटरनं कागदावर आकडा लिहिला, चार लाख. इथून पुढे जे झालं ते वाचकांनी जरा सावकाश वाचावं.

बँकेच्या लेखी गाडीची किंमत म्हणजे तुम्ही मोजता ती नव्हे. तुमचा सौदा आणि व्हॅल्युएटरचा आकडा, यांत जो कमी तो खरा. चार लाखांच्या पंचाहत्तर टक्के, म्हणजे तीन लाख बँक देणार. मालक मात्र साडेचार मागणार, कारण त्याचा व्हॅल्युएटरवर विश्वास नाही. मधले दीड लाख काकांच्या खिशातून. शिवाय नाव बदलायचा खर्च, विमा, बँकेची प्रोसेसिंग फी आणि ज्यानं पन्नास हजारांनी किंमत पाडली त्या व्हॅल्युएटरचीही फी.

आता नव्या गाडीकडे येऊ. माझा चुलतभाऊ पहिल्यापासून म्हणत होता, "बाबा, नवीच घ्या." शोरूममध्ये गेलो तेव्हा चहा आला, बिस्किटं आली, एका मुलीनं काकांचा गाडीशेजारी फोटोही काढला. गाडी रस्त्यावर येईपर्यंत आठ लाख. त्यातले नव्वद टक्के बँक देणार, म्हणजे सात लाख वीस हजार. हातचे घालायचे ऐंशी हजार.

काकांनी चष्मा काढला. "अरे, जवळजवळ निम्म्या किमतीच्या गाडीला जवळजवळ दुप्पट रोकड?"

होय काका. ज्याच्याकडे रोकड कमी तो जुनी गाडी घेतो असं आपण समजतो. कर्जाचं जग समजतं की जुनी गाडी घेणाऱ्याकडे रोकड असणारच, नाहीतर त्यानं नवीच घेतली असती ना!

व्याजाचंही तेच. नव्या गाडीला त्या दिवशी दर सांगितला नऊ टक्के. जुनीला चौदा. बँक आणि तुमचा सिबिल स्कोअर पाहून थोडं इकडे-तिकडे होतं, पण जुनीचा दर नवीच्या वर राहतो हे ठरलेलं, आणि फायनान्स कंपनीकडे गेलात तर तो आणखी चढतो. मॅनेजरसाहेब भले गृहस्थ. म्हणाले, "जुन्या गाडीत जोखीम असते." मी घरी येऊन जोखमीचा हिशेब मांडला, कारण दुसऱ्या दिवशी रविवार होता.

नव्या गाडीचं कर्ज सात वर्षांचं धरलं तर हप्ता येतो सुमारे ११,५८४ रुपये. सुरुवातीच्या वर्षांत त्यातला निम्म्याच्या जवळपास वाटा व्याजालाच जातो, त्यामुळे वर्षभर इमानेइतबारे हप्ते भरल्यावरही साधारण सहा लाख त्रेचाळीस हजार शिल्लक राहतात. आणि गाडी? विम्याच्या कोष्टकात सहा महिन्यांपर्यंत पाच टक्के, वर्षापर्यंत पंधरा, पाच वर्षांपर्यंत पन्नास टक्के घसारा लावतात, तोही शोरूमच्या किमतीवर. रस्ताकर आणि विम्याचा हप्ता त्यात धरत नाहीत. शोरूमची किंमत सात लाख धरा. पहिल्या वाढदिवसाला विम्याच्या कागदावर गाडी पाच लाख पंच्याण्णव हजारांची. म्हणजे देणं गाडीहून अठ्ठेचाळीस हजारांनी जास्त. आमच्या सहा वर्षांच्या पुट्टीवालीवर मात्र पहिल्याच दिवशी बँकेच्याच आकड्यानं चार लाखांच्या गाडीवर तीन लाखांचं कर्ज. तारण कुठं भक्कम आहे ते तुम्हीच बघा, आणि चौदा टक्के कुणाला लावले तेही.

तरी मॅनेजरसाहेबांना अगदीच खोटं पाडणं बरं नव्हे. नव्या गाडीचं बिल कंपनी देते, मालक पहिलाच, नंबर कोरा. जुनीचं तसं नाही. चलनं थकलेली असतात, अपघात झाकलेला असतो, काटा मागे फिरवलेला असतो. आमच्याच गाडीच्या आरसीवर आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा अजून बसलेला होता. कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण त्या भल्या माणसानं बँकेचा ना-हरकत दाखला घेऊन फॉर्म ३५ भरलाच नव्हता. तो बोजा उतरल्याशिवाय फॉर्म २९ आणि ३० भरून नाव चढत नाही, नाव चढल्याशिवाय फॉर्म ३४ भरून नव्या बँकेचा बोजा चढत नाही. शिवाय तीन लाखांच्या कर्जाला कागद सात लाखांच्या कर्जाइतकेच लागतात आणि व्याज मिळतं निम्म्याहून कमी रकमेवर. उद्या गाडी ओढून आणावी लागली तर विकणं अवघड. हे सगळं खरं. मला एवढंच वाटतं की याला गाडीची जोखीम म्हणू नये. ही कागदांची, कष्टांची आणि माणसांची जोखीम आहे. पुट्टी तिच्यात नुसती नाव सांगायला असते.

मग निघाला वयाचा विषय.

या बँकेचा नियम असा की कर्ज फिटेल त्या दिवशी गाडी दहा वर्षांहून मोठी असता कामा नये. कुठं आठ असतं, कुठं थोडं जास्त. सहा वर्षांची गाडी, तर मुदत चार वर्षं. आठ वर्षांची आणली असती तर दोनच, आणि हप्ता ऐकून काका चालतच गेले असते. आता माणसाचं वय. कर्ज फिटेल त्या दिवशी कर्जदार सत्तरीच्या आत हवा. काका सहासष्ट. म्हणजे त्यांनाही चारच वर्षं.

मॅनेजरसाहेबांनी दोन्ही बेरजा एकाच कागदावर केल्या, सहा अधिक चार दहा आणि सहासष्ट अधिक चार सत्तर, आणि खूश झाले. इतकी जमणारी पत्रिका त्यांनी पाहिली नव्हती म्हणे. काकूंनी विचारलं, "यांची पण पेन्सिलनं छाप घेणार का?"

त्या बेरजेनं नव्या गाडीचा रंगही उडाला. सात वर्षांची मुदत तरण्याताठ्यांसाठी. काकांच्या एकट्याच्या नावावर तीच नवी गाडी चार वर्षांत फेडायची तर हप्ता ११,५८४ नव्हे, १७,९१७. पेन्शनीतून तो जाणार नाही. मुलाला सहअर्जदार करा, असं शोरूमवाल्यानं सुचवलं. चुलतभावाला तेवढ्यात एक फोन आला आणि तो बाहेर गेला.

याच सुमारास रिछाईच्या गॅरेजवाल्यानं आपला 'फायनान्सवाला भैया' आणला. भैया मोटारसायकलवर बसूनच बोलला. "अंकलजी, चौदा कशाला? मी आठ टक्क्यांत करून देतो. फ्लॅट." काकांचा चेहरा उजळला. मी मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर काढला.

फ्लॅट म्हणजे असं की तीन लाखांवर आठ टक्के, चारही वर्षं, पूर्ण तीन लाखांवर. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, पण व्याजाला ते दिसत नाही. तीन लाखांवर वर्षाचे चोवीस हजार, चार वर्षांचे शहाण्णव हजार. हप्ता ८,२५०. आणि बँकेचा, घटत्या शिलकीवरचा चौदा टक्क्यांचा हप्ता? ८,१९८. भैयाचे आठ बँकेच्या चौदाहून बावन्न रुपयांनी महाग निघाले. घटत्या शिलकीच्या भाषेत त्याचे आठ म्हणजे चौदाहून थोडे वरच.

मी भैयाला म्हटलं, "केएफएस दाखवा." रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना असा एक कागद देणं सक्तीचं केलं आहे. त्यात फी वगैरे सगळं धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. तो कागद समोर आला की फ्लॅट, स्पेशल, फेस्टिव्ह अशी सगळी विशेषणं गळून पडतात. भैया म्हणाला, कागद सही झाल्यावर मिळेल. मी म्हटलं, तो सहीच्या आधी द्यायचा असतो. भैयानं मोटारसायकलला किक मारली.

शेवटी सुटका काकूंनी केली. दोघांच्या नावावर पाच लाखांची ठेव होती. ती मोडायचा विषय काढला की काकू वरण ढवळणं थांबवत, म्हणून कुणी काढत नसे. त्या म्हणाल्या, "मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा." ठेवीवर बँक सात टक्के देत होती, ठेवीवरच्या कर्जाला आठ घेत होती. हे आठ घटत्या शिलकीचे. तीन लाख, चार वर्षं, हप्ता ७,३२४. व्याज सुमारे साडेएक्कावन्न हजार. भैयाकडे ते शहाण्णव हजार होतं. हप्ते थकले तर ठेव जाणार, हे काकूंनी काकांना दोनदा सांगितलं.

त्याच बँकेत, त्याच टेबलापाशी, त्याच मॅनेजरसाहेबांसमोर काका पुन्हा बसले. गाडी तीच, पुट्टी तीच, काका सहासष्टचे. या वेळी साहेबांनी गाडीचं वय विचारलं नाही. काकांचंही नाही. गाडी आहे की म्हैस, हेसुद्धा विचारलं नाही. वीस मिनिटांत पैसे खात्यात. आरसीवर बोजाही चढणार नव्हता.

उठता उठता काकांनी विचारलं, "साहेब, ती जोखीम कुठं गेली?"

साहेबांनी शिपायाला चहा सांगितला.

गाडी आता रिछाईहून घरी आली आहे. डावं मागचं दार बंद करताना अजून खोकल्यासारखा आवाज येतो. काका म्हणतात बिजागरीत एक वॉशर कमी आहे, आणि ते शोधायला ते रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतात.