मराठीचं मराठीत भाषांतर करून मिळेल

‘सदर देयक प्राप्त झालेपासून 15 दिवसांचे आत रकमेचा भरणा न केलेस अधिनियमातील तरतुदीनुसार आपलेविरुद्ध पुढील कारवाई करणेत येईल, याची नोंद घ्यावी.’

घेतली नोंद. आता कुणीतरी याचं मराठीत भाषांतर करून द्या.

हे वाक्य अमक्याच नगरपरिषदेचं आहे, असा आळ मी घेणार नाही. आपल्याकडच्या मालमत्ता कराच्या बिलांच्या पाठीवर जी भाषा भेटते, तिचा हा घरी तयार केलेला मासला आहे. घर बारामतीत असो की इंदापुरात, कायदा एकच: 1965 चा नगरपरिषदा अधिनियम. आणि स्थानिक संस्थांनी आपला कारभार मराठीत करावा, असा राज्याचा कायदा 2022 मध्ये झालेला आहे. त्यामुळे बिल मराठीतच येतं. देवनागरी लिपी, मराठी प्रत्यय, सगळं जागच्या जागी. फक्त वाचल्यावर काय करायचं ते कळत नाही. एवढी बारीक गोष्ट कायद्यात कुठे येणार!

बारामती हे मोरोपंतांचं गाव. पंतांनी रामायण एकशे आठ प्रकारांनी लिहिलं म्हणतात. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठ लागतील अशी अक्षरंच त्यात नाहीत. मालमत्ता कराचं बिल हा त्याच परंपरेतला पुढचा प्रयोग आहे, निर्दिनांक. मजकूर भरपूर, पण ज्या दिवशी पैसे भरायचे तो दिवस शोधून सापडत नाही.

आमच्या इंदापूरच्या आत्या चष्मा पुसून बिल वाचायला बसल्या. ‘रकमेचा भरणा’पाशी थांबल्या. ‘हे भरायचे आहेत, का भरलेत असं म्हणतायत?’ मी म्हटलं, भरायचे आहेत. ‘मग पैसे भरा असं लिहायला यांचं काय जातं?’ पुढे ‘झालेपासून’. ‘कधी झालं?’ तेही बरोबर. पंधरा दिवस मोजायचे कुठून? बिलावर छपाईची तारीख होती, आर्थिक वर्ष होतं, मालमत्ता क्रमांक होता. बिल दारात कधी पडलं ते मात्र त्यावर नव्हतं, आत्यांच्या कॅलेंडरवरसुद्धा नव्हतं. आत्यांनी आठवून सांगितलं, 10 जून.

भाषांतराची खरी कसोटी इथे लागते. शब्द सोपे करणं हे वरवरचं काम झालं. ‘भरणा’ काढून ‘पैसे भरा’ लिहिलं, ‘न केलेस’चं ‘नाही केलं तर’ केलं, तरी आत्यांना कॅलेंडरवर खूण करता येत नाही. कारण या कागदात घड्याळं एकापेक्षा जास्त आहेत आणि ती वेगवेगळ्या वेळी सुरू होतात.

पहिलं घड्याळ बिल हातात पडल्यावर सुरू होतं. आत्यांना बिल 10 जूनला मिळालं. पंधरा दिवस म्हणजे 25 जून. तोवर पैसे भरले नाहीत, तर लगेच कुणी टीव्ही उचलून नेत नाही. मुख्याधिकाऱ्यांना आता मागणीची नोटीस काढता येते. बिल वेगळं आणि ही नोटीस वेगळी. आपल्याकडे दोन्हीला ‘नोटीस आली’ म्हणतात आणि पहिलीलाच शेवटची समजून घाबरतात, नाहीतर दुसरीलाही पहिलीच समजून फ्रिजवर ठेवतात. ती नोटीस समजा 20 जुलैला बजावली. तिथून पुन्हा पंधरा दिवस, 4 ऑगस्टपर्यंत. त्यातही पैसे भरले नाहीत आणि का भरत नाही याचं पटेल असं कारणही दाखवलं नाही, तर वॉरंट निघू शकतं. कायद्याच्या मराठीत त्याला अधिपत्र म्हणतात आणि त्याखाली होते ती अटकावणी. हे शब्द वाचून कुणाच्या अंगावर काटा येत नाही. ‘घरातली वस्तू जप्त करून विकता येते’ असं लिहिलं की येतो. मग तसंच लिहावं.

बजावणी म्हणजे साहेबांनी स्वतः हातात देणं, असाही एक गोड समज आहे. घरातल्या मोठ्या माणसाकडे दिलं तरी बजावणी होते. कुणीच नसेल तर दारावर ठळक जागी चिकटवून जाता येतं. पुण्याला राहणाऱ्या आणि इंदापूरच्या घराला कुलूप लावून ठेवलेल्या मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं. बिलात मात्र ते एकदाही नसतं.

दुसरं घड्याळ शास्तीचं. नगरपरिषदांच्या बिलांवर कलम 150-अ चा हवाला देऊन दरमहा 2 टक्के शास्ती असं छापतात. ‘दरमहा’ हा शब्द डोळ्यांतून निसटतो आणि ‘2 टक्के’ तेवढे लक्षात राहतात. मग तीन हत्ती चौकात चहा पिता पिता हिशेब होतो: दोनच टक्के ना, जाऊ दे, मार्चला भरू. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस. एवढं व्याज मुदत ठेवीवर कुणी द्यायला निघालं, तर लोक आधी त्याचा पत्ता तपासतील.

आकडे घालून बघू. आकडे माझे आहेत, कुणाच्या घराचे नाहीत. मागील थकबाकी 6,000 रुपये, चालू वर्षाची मागणी 4,800, आणि थकबाकीवर वर्षभराची शास्ती 1,440. एकूण 12,240. बिलात हे तीन रकान्यांत येतं, ‘मागील’, ‘चालू’, ‘शास्ती’, आणि खाली बेरीज. पण बेरीज ज्या दिवशी छापली, त्या दिवसाची आहे. थकबाकीवर दर महिन्याला 120 रुपये चढतच असतात. दोन महिन्यांनी खिडकीशी गेलात की क्लार्क 12,480 मागतो. इथे जे भांडण होतं, ते बिलातल्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे होतं: ‘ही रक्कम अमुक तारखेपर्यंतची आहे. त्यानंतर दर महिन्याला 120 रुपये वाढतील.’ टक्के सांगू नका, रुपये सांगा. बिल संगणक काढतो, त्याला गुणाकार येतो.

चालू मागणीवर शास्ती कोणत्या दिवसापासून, हाही प्रश्न आहेच. बिलात पहिली सहामाही आणि दुसरी सहामाही असे दोन रकाने दिसले की माणूस समजतो, वर्ष 31 मार्चला संपतं, तोवर आपण सुखी. मार्च ही वसुली खात्याच्या उद्दिष्टाची तारीख आहे. शास्ती तिची वाट बघत बसत नाही. प्रत्येक सहामाहीपुढे ‘या दिवसापर्यंत भरा’ आणि ‘या दिवसापासून शास्ती’ अशा दोन तारखा दिल्या की विषय संपला.

आता ‘शास्ती’ हा शब्दच काढून ‘दंड’ लिहावा का? माझं मत, काढू नये. आत्यांना दंड कळतो हे खरं. पण पावतीवर शास्ती, संगणकात शास्ती, सवलतीची घोषणा झाली तर पेपरात शास्तीमाफी. उद्या त्या खिडकीशी जाऊन ‘दंड माफ झालाय ना?’ विचारतील आणि पलीकडून उत्तर येईल, दंड नाही हो, शास्ती. म्हणून जोडीनं लिहावं: ‘शास्ती, म्हणजे उशिरा भरल्याचा दंड’. सूट आणि माफी यांचंही तसंच. लवकर भरल्याबद्दल मिळते ती सूट, चढलेल्या शास्तीवर मिळते ती माफी. दोन्हीला ‘सवलत’ म्हणून टाकलं की लोक माफीची वाट बघत सूट घालवतात.

कायद्याची बाजूही ऐका. अधिकारी म्हणतात, भाषा सोपी केली की कागदाचं वजन जातं, कोर्टात टिकत नाही. अधिनियम काय म्हणतो? बिल कोणत्या मुदतीसाठी आहे, कोणत्या मालमत्तेसाठी आहे, न भरल्यास काय होईल आणि अपील किती दिवसांत करता येईल, हे बिलातच सांगितलं पाहिजे. ‘करणेत येईल’ असंच लिहिलं पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. ‘याची नोंद घ्यावी’ हेही नाही. ती आपली हौस.

अपिलाची ओळ तर हमखास सर्वांत बारीक टायपात असते. तीही पंधरा दिवसांचीच, आणि बिल मिळाल्यापासूनची. शिवाय मागितलेली रक्कम आधी जमा करावी लागते. म्हणजे ‘मी अपिलात जाणार आहे, तोवर एक पैसा भरणार नाही’ हा भिगवण चौकातला बाणेदारपणा अपिलाच्या दारातच अडतो. भाषांतरात हे पहिल्याच दमात यावं: ‘आकारणी पटत नसेल तर पंधरा दिवसांत अपील करा. त्याआधी रक्कम जमा करा.’

राहता राहिलं पैसे कसे भरायचे. ‘रोखीने, धनादेशाद्वारे अथवा ऑनलाईन पद्धतीने भरणा करता येईल’ एवढ्यावर बिल हात झटकतं. चेक कुणाच्या नावे काढायचा? मागे मालमत्ता क्रमांक लिहायचा का? (लिहा. नाहीतर तुमचे पैसे जमा होतील, पण तुमच्या नावावर होतील याची खात्री नाही.) चेक दिला तो दिवस धरायचा की वटला तो? शेवटच्या तारखेला चेक देणाऱ्या माणसाला हे विचारायचं सुचतं, पण ते तारीख उलटल्यावर. मोबाइलवरून भरले तर बँकेचा ‘व्यवहार यशस्वी’ हा संदेश आणि नगरपरिषदेची पावती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पावती येईपर्यंत व्यवहार क्रमांक जपून ठेवा, हे बिलात एका ओळीत मावतं. आणि सगळे जमत नसतील, पाचच हजार असतील, तर ते आधी शास्तीत वळते होणार की थकबाकीत? आमच्या आकड्यांत 5,000 थेट थकबाकीत गेले तर 1,000 वर शास्ती चालू राहील, म्हणजे महिन्याला 20 रुपये. आधी शास्तीत 1,440 गेले तर थकबाकीत पडतात फक्त 3,560. उरलेल्या 2,440 वर महिन्याला 48 रुपये 80 पैसे. एका न छापलेल्या ओळीची किंमत महिन्याला 28 रुपये 80 पैसे.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेन्सिल मागितली आणि बिलाच्या समासात लिहिलं: ‘10 जूनला आलं. 25 पर्यंत भरायचं. चेकमागे घर नंबर.’ तीन वाक्यं. छपाईला पाठवायला हरकत नाही.